वर्षअखेरीचं व्याज कुणाला किती?

लातूर-नांदेडच्या गावोगावी आता बचत गट आहेत. गट माविमचा असो की उमेदचा, मार्च संपला की एक प्रश्न सगळीकडे उठतो: वर्षभरात जमलेलं व्याज वाटायचं कसं? वर्षभर एका चटईवर बसणाऱ्या बाया या एका बैठकीत एकमेकींशी अबोला धरतात. भांडण बहुतेक वेळा पाच-पन्नास रुपयांचं असतं, पण ‘माझे पैसे दुसरीला गेले’ ही गोष्ट मनातून जात नाही. म्हणून आज एकच हिशोब सावकाश करून बघू.

समजा, गटात दहा जणी आहेत. बैठक दर महिन्याच्या १० तारखेला, बचत १०० रुपये. कर्जाचं व्याज महिन्याला शेकडा दोन रुपये. वर्ष एप्रिलपासून धरलं आहे आणि हिशोब पुढच्या एप्रिलच्या बैठकीत, नवा हप्ता घेण्याआधी, बंद करायचा आहे.

आठ जणींनी बाराही हप्ते वेळेवर भरले. गोदावरीबाईने जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते चुकवले, कारण हातातला पैसा सोयाबीनच्या बियाण्याला आणि खताला गेला. मूग विकल्यावर सप्टेंबरमध्ये तिने चारही हप्ते एकदम दिले. अर्चना ऑक्टोबरमध्ये गटात आली आणि तिने सहा हप्ते भरले. म्हणजे नऊ जणींची बचत प्रत्येकी १,२०० रुपये, अर्चनाची ६००. गटाची एकूण बचत ११,४०० रुपये.

वर्षात हातात आलेलं व्याज १,१९६ रुपये. वह्या आणि बँकेत जाण्या-येण्याचा खर्च १२०. वाटायला उरले १,०७६.

आता कुणी म्हणेल, दहा जणी आहोत, सारखं वाटा. प्रत्येकीला १०७ रुपये ६० पैसे येतील. पण अर्चनाचे पैसे सहाच महिने गटात होते, तेही थोडे थोडे आलेले. तिला तेवढेच का? दुसरी म्हणेल, बचतीच्या प्रमाणात वाटा. मग अर्चनाला सुमारे ५७ रुपये आणि बाकीच्यांना सुमारे ११३ रुपये येतात. हे बरं वाटतं, पण गोदावरीबाईला वेळेवर भरणाऱ्या बायांएवढंच मिळतं. तिचे जूनचे शंभर रुपये जूनमध्ये गटात नव्हतेच, मग त्यांनी जूनचं व्याज कमावलं कसं?

व्याज दोन गोष्टींनी तयार होतं: पैसा किती आणि तो किती महिने गटात राहिला. म्हणून वाटपातही दोन्ही धरायचे. आम्ही गटांना सोपं माप सांगतो: शंभर रुपये एक महिना गटात राहिले की एक गुण.

एप्रिलचा हप्ता बारा महिने राहतो, त्याचे १२ गुण. मेचा हप्ता अकरा महिने, त्याचे ११. असं उतरत मार्चच्या हप्त्याचा १ गुण. सगळे मिळून ७८. वेळेवर भरणाऱ्या आठ जणींचे प्रत्येकी ७८, म्हणजे ६२४ गुण. अर्चनाचे सहा, पाच, चार, तीन, दोन, एक मिळून २१. गोदावरीबाईचे एप्रिल-मेचे २३, सप्टेंबरमध्ये भरलेल्या चार हप्त्यांचे प्रत्येकी ७ म्हणजे २८, आणि पुढच्या सहा हप्त्यांचे २१. असे ७२. सगळ्या गटाचे गुण झाले ७१७.

१,०७६ रुपयांना ७१७ ने भागलं की एका गुणाला दीड रुपया येतो. वेळेवर भरणारीला ११७ रुपये, गोदावरीबाईला १०८, अर्चनाला साडेएकतीस. वाटून ५० पैसे उरतात, ते गटात राहू द्यायचे. गोदावरीबाईला नऊ रुपये कमी मिळाले, ती शिक्षा नाही. तिचा पैसा जेवढे दिवस नव्हता तेवढंच ते आहे. हप्ता चुकल्याचा दंड हा वेगळा विषय, तो गटाच्या ठरावाप्रमाणे.

हाच नियम उलट बाजूनेही चालतो. मुखेड-कंधारकडची एखादी बाई दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते. जाताना तिने नोव्हेंबर ते मार्चचे पाच हप्ते एकदम भरले, तर त्यांचे १५ ऐवजी २५ गुण धरायचे. तिचे पैसे आधी आले, ते आधीपासून फिरले. गट जुना असेल, तर मागच्या वर्षापर्यंतच्या बचतीतल्या प्रत्येक शंभराचे पूर्ण १२ गुण धरायचे.

यावर एक तक्रार हमखास येते: ‘कर्ज मी घेतलं, व्याज मी भरलं, मग मला जास्त का नाही?’ तिला समजावून सांगावं लागतं की व्याज हे पैसे वापरल्याचं भाडं आहे. सगळ्यांच्या पैशातून तिने शेळी घेतली किंवा फी भरली, त्याचा उपयोग तिला झाला. शिवाय बचत करणारी म्हणून तिचा वाटाही तिला मिळतोच. कर्जदाराला काही सूट द्यायची असेल, तर तो ठराव वर्षाच्या सुरुवातीला इतिवृत्ताच्या वहीत लिहा. वाटपाच्या दिवशी नियम बदलायचा नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. काही गट येणं असलेलं व्याजही वाटून टाकतात. वहीवर व्याज दिसतं, पण ते अजून कर्जदाराकडेच असतं. मग वाटायला रोख कुठून येते? बायांच्या बचतीतूनच. त्या खूश होऊन आपलेच पैसे घरी नेतात आणि गट आतून पोकळ होतो. म्हणून हातात आलेलंच व्याज वाटायचं. बँकेचं कर्ज घेतलं असेल, तर बँकेला दिलेलं व्याज आधी वजा करायचं.

हिशोब बरोबर आहे का, हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली अशी: शेकडा दोनचं व्याज असेल, तर शंभर रुपये महिन्याला दोनच रुपये कमावतात. म्हणून एका गुणाला दोन रुपयांच्या आतच व्याज यायला हवं. वसूल झालेलं व्याज पुन्हा कर्जाने दिलं असेल, तर थोडं वर जाईल, फार नाही. आपल्या गटात खर्च वजा करण्याआधी ते सुमारे १ रुपया ६७ पैसे होतं. म्हणजे सहातले पाच रुपये फिरत होते आणि एक पडून होता. आकडा तीन-चार रुपये आला, तर न आलेलं व्याज किंवा दुसरीकडचा पैसा त्यात मिसळला आहे. पन्नास पैसे आला, तर पैसा पेटीत झोपला होता, किंवा व्याज वसूलच झालेलं नाही.

दुसरी खूण वाटपानंतरची. बायांकडचं बाकी मुद्दल, बँकेतली शिल्लक आणि पेटीतली रोख यांची बेरीज करा. आपल्या गटात बाकी मुद्दल ८,२००, बँकेत २,७०० आणि पेटीत ५०० रुपये ५० पैसे असतील, तर बेरीज ११,४०० रुपये ५० पैसे होते. म्हणजे सगळ्यांची बचत जागेवर आहे आणि उरलेले ५० पैसेही आहेत. बेरीज कमी आली, तर वाटप थांबवा आणि आधी वह्या तपासा.

वाटा रोख न्यायचा की गटात ठेवायचा, हे जिचं तिने ठरवावं. ठेवला तर तो त्याच बैठकीत तिच्या पासबुकात तिच्या नावाने लिहा. पुढच्या वर्षी तो तिच्या बचतीतच धरायचा आणि त्यालाही पूर्ण बारा महिन्यांचे गुण द्यायचे. आणि गुणांचा तक्ता बैठकीत मोठ्याने वाचा, म्हणजे ज्या बहिणीला वाचता येत नाही, तिलाही आपला आकडा कुठून आला ते कळेल.