आधी भिंती मोजा, मग अ‍ॅक्सेस पॉइंट

राउटरच्या खोक्यावर छापलेली रेंज खोटी नसते, पण ती मोकळ्या जागेतली असते. ऑफिस मोकळं नसतं. तिथे केबिन असतात, रेकॉर्ड रूम असते, लोखंडी कपाटं असतात आणि इमारत जुनी असेल तर विटांच्या जाड भिंती असतात. त्यामुळे ‘इतक्या चौरस फुटांना इतके अ‍ॅक्सेस पॉइंट’ हा नुसत्या क्षेत्रफळाचा हिशेब बऱ्याचदा फसतो. सारख्याच क्षेत्रफळाच्या दोन ऑफिसांपैकी एकाला दोन एपी पुरतात आणि दुसऱ्याला चार लागतात. हा फरक कुठून येतो, हे एका उदाहरणात सोडवून पाहू.

पुण्याच्या पेठांमध्ये जुन्या इमारती असतात, तसल्या एका इमारतीत एका मजल्यावर सीएचं ऑफिस आहे असं धरू. मजला ८० फूट लांब आणि ४३ फूट रुंद, म्हणजे साधारण २४ मीटर बाय १३ मीटर. मधून दोन मीटर रुंदीचा कॉरिडॉर जातो. त्याच्या एका बाजूला रस्त्याकडच्या चार खोल्या आणि दुसऱ्या बाजूला मागच्या चार खोल्या. प्रत्येक खोली सहा मीटर लांब आणि साडेपाच मीटर खोल. कॉरिडॉरच्या दोन्ही भिंती नऊ इंची आहेत, शेजारशेजारच्या खोल्यांमधल्या भिंती साडेचार इंची. फायबरची लाइन रस्त्याकडच्या पहिल्या खोलीत, रिसेप्शनमध्ये येते आणि एकुलता एक राउटरही तिथेच ठेवलेला आहे. चौथ्या खोलीतले आर्टिकल विद्यार्थी फोनच्या हॉटस्पॉटवर काम करतात.

हे गणित डेसिबलमध्ये मांडायचं. सिग्नल ३ डेसिबलने घटला की त्याची ताकद निम्मी होते, १० डेसिबलने घटला की एक दशांश उरते. फोन किंवा लॅपटॉपला मिळणारा सिग्नल उणे आकड्यात दिसतो, उदाहरणार्थ -67 dBm. आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका सिग्नल चांगला. व्हिडिओ कॉल आणि फोनवरचं बोलणं न तुटता चालायला उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा हवा, असा या धंद्यातला प्रचलित दंडक आहे. उणे ७५ ला ईमेल येईल, पण कॉल अडखळेल. उणे ८० च्या खाली फोनवर वायफायची खूण दिसते खरी, काम मात्र होत नाही.

आता जमाखर्च मांडू. नेहमीचा एपी १०० मिलिवॉटवर, म्हणजे २० dBm वर चालवला तर पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल एक मीटरवर साधारण उणे २७ असतो. तिथून उणे ६७ पर्यंत खर्चायला ४० डेसिबल हाताशी आहेत. त्यातले १० आधीच बाजूला ठेवावे लागतात. फोनचा ट्रान्समीटर एपीपेक्षा दुबळा असतो आणि संभाषण दोन्ही बाजूंनी व्हायला हवं, शिवाय माणसाचं शरीर मधे आलं तरी तीनचार डेसिबल जातात. उरले ३०. अंतर आणि भिंती, दोघांचा खर्च याच तिसात बसवायचा.

अंतराचा खर्च सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात. म्हणजे दोन मीटरला ६, चार मीटरला १२, आठ मीटरला १८ आणि सोळा मीटरला २४. पुढेपुढे अंतर स्वस्त होत जातं. भिंतीला अशी सवलत नाही, प्रत्येक भिंत आपला पूर्ण वाटा घेते. पाच गिगाहर्ट्झसाठी जिप्समच्या पार्टिशनला ३ डेसिबल धरावेत, साडेचार इंची विटांच्या भिंतीला ८, नऊ इंचीला १२ आणि सिमेंट-काँक्रीटच्या भिंतीला २० किंवा त्याहून जास्त. लोखंडी कपाटांची सलग रांग, लिफ्टचा खड्डा आणि मोठा आरसा यांच्या पलीकडे काही पोहोचेल असं गृहीतच धरू नये. हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. ओल धरलेली भिंत कोरडीपेक्षा जास्त खाते आणि भिंत तिरकी ओलांडावी लागली तर सिग्नलला तिची जाडीही जास्त पडते.

आता चौथी खोली का उपाशी राहते ते दिसेल. रिसेप्शनच्या मध्यापासून चौथ्या खोलीची लांबची भिंत २१ मीटरवर आहे, त्याचे २६ डेसिबल. मधे साडेचार इंची तीन भिंती, त्यांचे २४. एकूण खर्च ५० आणि हाताशी ३०. थोडा सिग्नल कॉरिडॉरमधून, उघड्या दारांतून वळून येतो, पण दार लागलं की तोही आटतो. इथे बाजारातला जास्त अँटेनांचा राउटर आणला तरी दोनचार डेसिबलच वाढतील, वीस नाही.

मग एका एपीत किती खोल्या येतात? एपी एका खोलीच्या छताला मधोमध लावला असं समजू. त्याच रांगेतल्या शेजारच्या खोलीचं लांबचं टोक नऊ मीटरवर येतं, म्हणजे १९ डेसिबल आणि एका भिंतीचे ८. बेरीज २७, तिसात बसली. त्याच्याही पुढची खोली घेतली तर १५ मीटरचे २४ आणि दोन भिंतींचे १६ मिळून ४० होतात. ती गेली. समोरच्या रांगेतली खोली जवळ वाटते, तिचं टोक जेमतेम दहा मीटरवर आहे. पण त्याचे २० आणि नऊ इंची दोन भिंतींचे २४ मिळून ४४ होतात. तीही गेली. म्हणजे इथे एक एपी स्वतःची खोली आणि त्याच रांगेतली दोन्हीकडची एकेक खोली सांभाळतो. कॉरिडॉर ओलांडून तो कुणाला काही देत नाही.

चार खोल्यांच्या रांगेला त्यामुळे दोन एपी लागतात आणि दोन रांगांना चार. रस्त्याकडच्या रांगेत ते पहिल्या आणि तिसऱ्या खोलीत बसवले आणि मागच्या रांगेत दुसऱ्या आणि चौथ्या खोलीत, तर कुठलेही दोन एपी समोरासमोर येत नाहीत आणि एकही खोली सुटत नाही. याच मजल्यावर विटांऐवजी सगळीकडे जिप्समची पार्टिशन असती, तर कॉरिडॉरलगत बसवलेले दोनच पुरले असते.

चारही एपी कॉरिडॉरच्या छताला एका ओळीत लावून टाकावेत, असं इथे बहुतेकांना सुचतं. वायरिंग सोपं होतं, भिंती फोडाव्या लागत नाहीत. पण मग प्रत्येक खोलीला नऊ इंची भिंतीतूनच, तीही बऱ्याचदा तिरकी, सेवा घ्यावी लागते. आणि कॉरिडॉरच्या मोकळ्या लांबीत हे चारही एपी एकमेकांना मोठ्याने ऐकतात. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा नियम आहे. त्यामुळे चॅनेल एकच असेल तर ते एकमेकांसाठी थांबत बसतात. जाड भिंती असलेल्या ऑफिसात एपी माणसं बसतात त्या खोलीतच हवा. भिंतीतून लहर न्यायची नाही, केबल न्यायची.

त्या केबलसाठी भिंतीला ड्रिलचं एक भोक पुरतं. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि पीओई स्विच घेतला तर वीजही त्याच केबलमधून जाते, छताजवळ वेगळा प्लग लागत नाही. केबल टाळण्यासाठी रिपीटर लावला, तर तो बहुधा जिथे सिग्नल आधीच अर्धमेला आहे तिथे बसतो. साधा रिपीटर तोच मजकूर एकाच रेडिओवर दोनदा पाठवतो, म्हणून रेंजच्या रेघा वाढतात आणि वेग जवळपास निम्मा होतो.

चार एपींना पाच गिगाहर्ट्झमध्ये ३६, ४४, १४९ आणि १५७ हे चॅनेल ४० मेगाहर्ट्झ रुंदीचे दिले तर कुणाचं कुणावर चढत नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शिवाय ही लहर भिंतीतून जास्त पार जाते, त्यामुळे ती चारही ठिकाणी चालू ठेवली तर गर्दी होते. जुना प्रिंटर आणि हजेरीचं यंत्र यांच्यापुरती ती दोन एपींवर ठेवून बाकी दोन्हींवर बंद करावी. एपीची ताकदही शेवटी २० dBm वरून १४ च्या आसपास उतरवावी. आपण बाजूला ठेवलेले १० डेसिबल इथे कामी येतात. एपी मोठ्याने ओरडत असेल आणि फोनचं उत्तर त्याला ऐकू येत नसेल, तर रेघा भरलेल्या दिसतात आणि कॉलवर समोरच्याला आपला आवाज तुटक जातो.

कागदावरचं हे गणित भोकं पाडण्याआधी तपासता येतं. एकच एपी विकत घ्यायचा, लांब केबलवर शिडीला बांधून ठरलेल्या खोलीत उभा करायचा आणि दारं लावून लॅपटॉप घेऊन फिरायचं. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की RSSI दिसतो. विंडोजवर ही आज्ञा द्यायची:

```
netsh wlan show interfaces
```

यात सिग्नल टक्क्यांत येतो. १०० टक्के म्हणजे उणे ५० आणि शून्य म्हणजे उणे १००, या मोजमापाने ६६ टक्के म्हणजे साधारण उणे ६७. एपीच्या खोलीत भिंतीला लागून एक आकडा घ्यायचा आणि भिंतीच्या लगेच पलीकडे दुसरा. दोन्हींतला फरक हा त्या भिंतीचा खरा खर्च. तो १२ ऐवजी १७ निघाला तर गणित तिथल्या तिथे बदलायचं. रेकॉर्ड रूममध्ये लोखंडी रॅकच्या दोन रांगांमध्ये सिग्नल पडेलच. तिथे कुणी बसून काम करत नसेल तर त्यासाठी पाचवा एपी घेऊ नये.

एपी बसल्यावर सगळ्यांना नाव आणि पासवर्ड एकच द्यायचा, म्हणजे माणूस फिरला तरी कनेक्शन पुढच्या एपीकडे जातं. मात्र एपी कधी बदलायचा, ते फोन ठरवतो आणि काही फोन जुन्यालाच धरून बसतात. वरच्याच आज्ञेत BSSID हा आकडा दिसतो, तो एपीगणिक वेगळा असतो. पहिल्या खोलीतून चौथीत गेल्यावरही तो बदलला नाही आणि सिग्नल उणे ७५ वर घसरला, तर एपीची ताकद अजून थोडी उतरवावी लागेल.

वायरिंगवाल्याकडून कोटेशन घेताना त्यात एपींची संख्या तर असतेच. कुठल्या खोलीत कुठला एपी आणि दारं बंद असताना प्रत्येक टेबलावर उणे ६७ किंवा बरा सिग्नल, या दोन ओळीही लिहून घ्याव्यात. काम पूर्ण झाल्यावर टेबलागणिक आकडे मोजून मगच शेवटचा हप्ता द्यावा.