सीलंटच्या नळ्यांची गणना

सीलंटच्या नळ्यांची गणना म्हणजे स्नानगृहातील किंवा खिडकीच्या चौकटीभोवतालचे सांधे बुजवण्यासाठी सीलंटच्या किती नळ्या लागतील, याचा सांध्याची लांबी, रुंदी व खोली यांवरून काढलेला अंदाज होय. या नळ्यांना बाजारात कार्ट्रिज किंवा नुसतेच ‘सिलिकॉनची ट्यूब’ असे म्हणतात. सिलिकॉन गनमध्ये बसवायच्या कडक नळीत बहुधा २८० ते ३१० मिलिलिटर सीलंट असते. काही नळ्यांवर आकारमानाऐवजी वजन छापलेले असते. भुकटीचे मिश्रण असलेले सीलंट पाण्यापेक्षा जड असल्याने ३०० ग्रॅम म्हणजे ३०० मिलिलिटर असे धरल्यास माल कमी पडतो. त्यामुळे गणनेसाठी मिलिलिटरचा आकडाच पाहावा लागतो.

मूळ सूत्र

एक मीटर लांब, एक मिलिमीटर रुंद व एक मिलिमीटर खोल अशा फटीत बरोबर एक मिलिलिटर सीलंट मावते. त्यामुळे लांबी मीटरमध्ये आणि रुंदी व खोली मिलिमीटरमध्ये घेतली, की तिन्हींचा गुणाकार थेट मिलिलिटरमध्ये मिळतो. एककांचे रूपांतर करण्याची गरज उरत नाही.

सीलंट (मिलिलिटर) = लांबी (मीटर) × रुंदी (मिलिमीटर) × खोली (मिलिमीटर)

हे सूत्र चौकोनी छेदाच्या सांध्यासाठी आहे. भिंत व फरशी जिथे काटकोनात मिळतात तिथे सीलंटचा छेद त्रिकोणी असतो, म्हणून गुणाकाराच्या निम्मेच सीलंट लागते. ओले सीलंट बोटाने किंवा पट्टीने ओढल्यावर त्याचा पृष्ठभाग किंचित अंतर्वक्र होतो आणि प्रत्यक्ष वापर या निम्म्याहूनही थोडा कमी भरतो. मात्र कोपऱ्यात फरशांमध्ये खरी मोकळी फट असेल, तर तिचे आकारमान वेगळे मिळवावे लागते.

आलेल्या बेरजेत साधारण १५ टक्के वाढ धरतात. नळीच्या टोकात व तळाशी अडकून राहणारे, मास्किंग टेपवर जाणारे आणि ओढताना पुसून निघणारे सीलंट तिच्यात येते. नंतर नळीच्या मापाने भागून येणारी संख्या नेहमी वरच्या पूर्णांकापर्यंत नेतात.

खोलीचा प्रश्न

लांबी व रुंदी फीतपट्टीने मोजता येतात. खोली मात्र मोजायची नसून ठरवायची असते, आणि गणनेतील बहुतेक चुका इथेच होतात. खिडकीची चौकट व भिंत यांमधील फट २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक खोल असू शकते. पण ती सारी सीलंटने भरणे अपेक्षित नसते. सीलंटची खोली सांध्याच्या रुंदीच्या सुमारे निम्मी, परंतु ६ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, असा प्रचलित नियम आहे. त्यामागील उरलेल्या पोकळीत बॅकर रॉड, म्हणजे फोमची लवचिक गोल दोरी, बसवतात. ही दोरी फटीपेक्षा सुमारे पाव पट जाड घेतली म्हणजे दाबून घट्ट बसते.

हा नियम केवळ काटकसरीसाठी नाही. ॲल्युमिनियमची चौकट उन्हात प्रसरण पावते व रात्री आकसते, त्यासोबत सांध्याची रुंदीही बदलते. सीलंट दोन्ही बाजूंना चिकटलेले व मागून मोकळे असेल, तर ते रबराच्या पट्टीसारखे ताणले जाते. मागच्या पृष्ठभागालाही चिकटले, तर त्याला मोकळेपणाने ताणता येत नाही आणि ते फाटते. फार जाड थर कडेपासून सुटतो. शिवाय सिलिकॉन हवेतील बाष्पामुळे बाहेरून आत, दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर या गतीने घट्ट होते. २० मिलिमीटरचा थर आठवडा उलटूनही आतून मऊच राहतो. असे बिघाड ओळखणे सोपे असते. चीर सीलंटच्या मधोमध असेल, तर थर फार पातळ किंवा मागून चिकटलेला असण्याचा संभव जास्त. पट्टी काठावरून सुटली असेल, तर धूळ, ओल, जुने सीलंट किंवा अति जाडी यांवर संशय घ्यावा.

उदाहरण

एका घरात तीन खिडक्या आहेत, प्रत्येक १.२ × १.२ मीटर. चौकटीभोवतालची फट कुठे ८, तर कुठे १२ मिलिमीटर आहे. अनेक ठिकाणी मोजून सरासरी १० येते. खोली नियमानुसार ६ मिलिमीटर ठरवली. एका खिडकीचा परीघ ४.८ मीटर, म्हणून तिन्हींची लांबी १४.४ मीटर होते.

१४.४ × १० × ६ = ८६४ मिलिलिटर

१५ टक्के वाढ धरून सुमारे ९९४ मिलिलिटर. २८० मिलिलिटरच्या नळीने भागल्यास ३.५५, म्हणजे चार नळ्या. बॅकर रॉड न घालता २० मिलिमीटर खोलीपर्यंत फट भरली, तर हाच हिशेब ३,३१२ मिलिलिटर, अर्थात बारा नळ्यांवर जातो. तिप्पट खर्च करून सांधा मात्र अधिक कमकुवत होतो.

‘एका खिडकीला एक नळी’ हा प्रचलित ठोकताळा याच आकड्यांवर तपासता येतो. वाया जाणारा भाग धरून दर मीटरला ६९ मिलिलिटर लागते, म्हणून एक नळी सुमारे ४.०६ मीटर पुरते. चौथ्या बाजूचा जवळजवळ पाऊण मीटर भाग उरतो. दुसरी नळी हाताशी नसेल, तर कारागीर उरलेल्या भागात पातळ लेप ओढून काम संपवतो. पावसाळ्यात पाणी नेमके तिथूनच आत येते, आणि दोष बहुधा सीलंटच्या दर्जावर ढकलला जातो.

त्याच घरातील स्नानगृहात भिंत व फरशीचा सांधा ७ मीटर, शॉवरजवळचे दोन उभे कोपरे मिळून ४ मीटर आणि वॉशबेसिनची मागची कड अर्धा मीटर आहे. एकूण ११.५ मीटर, त्रिकोणाच्या दोन्ही भुजा ६ मिलिमीटर.

११.५ × ६ × ६ ÷ २ = २०७ मिलिलिटर

वाढ धरून सुमारे २३८ मिलिलिटर, म्हणजे एक नळी. हीच नळी खिडकीला जेमतेम चार मीटर पुरली होती; इथे ती संपूर्ण स्नानगृह भागवून थोडी उरते.

वेगवेगळ्या प्रकारांची बेरीज

स्नानगृह व खिडक्या यांचे मिलिलिटर एकत्र मिळवून भागाकार करू नये. स्नानगृहासाठी बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन वापरतात. खिडकीच्या बाहेरील बाजूस, जिथे धातू व सिमेंटचा गिलावा एकत्र येतात, तिथे न्यूट्रल सिलिकॉन लागते. व्हिनेगरसारखा वास येणारे ॲसिटिक प्रकारचे सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही आणि संगमरवरावर डाग पाडू शकते. रंग निराळे असले तरीही हाच नियम लागू होतो: प्रत्येक प्रकाराची व रंगाची संख्या स्वतंत्रपणे वरच्या पूर्णांकापर्यंत न्यावी. उरलेली अर्धी नळी पुढील कामासाठी गृहीत धरणे व्यवहारात फारसे साधत नाही, कारण टोक उघडल्यावर आतील सीलंट हळूहळू घट्ट होत जाते.