जोडी जमली, पण टिकेल का?

दोन शेअर बरोबरीने चालतात असं दिसलं की त्यांच्या भावांतल्या अंतरावर पैसा लावण्याचा मोह होतो. अंतर ताणलं की महागलेला विकायचा, मागे पडलेला घ्यायचा आणि अंतर पूर्ववत झालं की दोन्ही सौदे मिटवायचे. यालाच पेअर ट्रेडिंग म्हणतात. इथे बाजार वर जातो की खाली, याने फारसा फरक पडत नाही. अंतर पुन्हा मिटणार का, हाच खरा प्रश्न.

बरेच जण त्याचं उत्तर कोरिलेशनमध्ये शोधतात आणि तिथेच फसतात. समजा, दोन शेअर रोज एकाच दिशेने हलतात, पण एक दुसऱ्यापेक्षा रोज सरासरी ०.१ टक्का जास्त वाढतो. कोरिलेशन जवळपास पूर्ण दिसेल. तरी बाजाराच्या २५० दिवसांत पहिला सुमारे २८ टक्के पुढे निघून गेलेला असेल. अंतर मिटेल म्हणून थांबलेला माणूस थांबूनच राहील. आपल्याला हवं असतं कोइंटिग्रेशन : एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखं नातं. बैल कुठेही जावोत, त्यांच्यातलं अंतर जू वाढू देत नाही.

हे जू आहे की नाही, ते तपासण्याची रीत रॉबर्ट एंगल आणि क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९८७ मध्ये मांडली. स्प्लिट आणि बोनसचा हिशेब धरून सुधारलेले रोजचे बंद भाव घ्यायचे आणि त्यांचे लॉगरिदम काढायचे. मग रिग्रेशनने पहिल्या शेअरला दुसऱ्याचं किती प्रमाण जुळतं ते शोधायचं. हा हेज रेशो. दुसऱ्याला त्या प्रमाणाने गुणून पहिल्यातून वजा केलं की उरतो तो स्प्रेड. हा स्प्रेड भरकटतो की सरासरीकडे परततो, ते डिकी-फुलर चाचणी सांगते.

यात एक बारकावा हमखास सुटतो. रिग्रेशनने प्रमाण निवडतानाच स्प्रेड शक्य तितका आटोपशीर केलेला असतो. म्हणून कसोटी अधिक कडक हवी. पाच टक्के पातळीला साध्या चाचणीत सुमारे उणे २.८६ पुरतं, इथे आकडा सुमारे उणे ३.३४च्याही खाली जायला हवा. दुसरा सापळा जोड्या धुंडाळण्याचा. निफ्टीच्या ५० शेअरांच्या १,२२५ जोड्या होतात. एकाही जोडीत खरं नातं नसलं, तरी पाच टक्क्यांच्या कसोटीवर साठेक जोड्या निव्वळ योगायोगाने पास होऊ शकतात. म्हणून आधी नात्याचं कारण सापडावं, मग आकडा पाहावा. जोडी एका काळात निवडावी आणि पुढच्या काळात, तोच हेज रेशो ठेवून, पारखावी.

नातं बदललं की काय होतं, ते एचडीएफसीच्या जोडीत दिसतं. एचडीएफसी लिमिटेडकडे एचडीएफसी बँकेची मोठी हिस्सेदारी होती, त्यामुळे दोघांचं नातं खरंच होतं. ४ एप्रिल २०२२ रोजी विलीनीकरण जाहीर झालं : लिमिटेडच्या २५ शेअरांमागे बँकेचे ४२, म्हणजे एकास १.६८. समजा, बँकेचा भाव १,५०० आहे. या हिशेबाने लिमिटेडचा २,५२० व्हायला हवा. तो २,४४० असेल, तर ८० रुपयांची तूट राहते. ही तूट मंजुऱ्यांची अनिश्चितता आणि लागणारा वेळ यांची किंमत असते. विलीनीकरण पक्कं होत जाईल तशी ती शून्याकडे सरकते, जुन्या सरासरीकडे नाही. घोषणेआधीचे आणि नंतरचे भाव एकत्र करून काढलेली सरासरी दोन वेगळ्या नात्यांची खिचडी ठरते. जुलै २०२३ मध्ये तर एक शेअर बाजारातून नाहीसाच झाला.

असे बदल बहुधा इतके ठळक नसतात. नातं हळूहळू सैल होतं. म्हणून दर महिन्याला, साधारण वर्षभराच्या सरकत्या खिडकीवर, तीन गोष्टी पाहाव्यात. हेज रेशो एकाच दिशेने सरकतोय का? चाचणीचा आकडा शून्याकडे येतोय का? आणि निम्मं अंतर मिटायला लागणारा काळ, म्हणजे हाफ-लाइफ, वाढतोय का? आजच्या अंतराचा ९५ टक्के भाग उद्या उरत असेल, तर हा काळ साडेतेरा दिवस; ९८ टक्के उरत असेल, तर चौतीस. आपल्याकडे कॅश बाजारात शॉर्ट सौदा रात्रभर ठेवता येत नाही. फ्युचर्स वापरावे लागतात आणि महिनाअखेरीला ते पुढे ढकलताना खर्च येतो. लॉट ठरावीक असल्याने हेज रेशोही काटेकोर जमत नाही. त्यामुळे हाफ-लाइफ महिन्यापलीकडे गेला की नातं शाबूत असूनही सौदा तोट्याचा ठरू शकतो.

शेवटची शिस्त सौद्याआधीच लिहून ठेवावी : स्प्रेड सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांवर गेल्यावर शिरायचं, आणि हाफ-लाइफच्या तिप्पट दिवसांत तो परतला नाही, तर बाहेर पडायचं. अंतर आणखी ताणलं म्हणून सौदा वाढवायचा नाही. अंतर ताणलं जाणं ही संधी असते, तशीच नातं तुटल्याची पहिली खूणही असते, आणि त्या क्षणी दोन्ही सारख्याच दिसतात.