विटांच्या मांडणीतून भिंतीचे वय

लंडनमधल्या जुन्या घराचा फोटो हाती आला, तर आधी विटांची डोकी शोधा, म्हणजे त्यांच्या आखूड बाजू. वीट भिंतीत आडवी शिरली की बाहेरून तिचे डोके दिसते आणि पुढचा-मागचा भाग एकत्र बांधला जातो. म्हणजे भिंत भरीव आणि किमान एक वीट, सुमारे नऊ इंच, जाड. प्रत्येक थरात एक लांब बाजू, एक डोके असा क्रम असेल, तर तो फ्लेमिश बाँड. 1631 मध्ये बांधलेला क्यू पॅलेस हे त्याचे इंग्लंडमधले सुरुवातीचे उदाहरण. अठराव्या शतकात ही पद्धत तिथे फार चालली.

सगळीकडे लांब बाजूच दिसल्या, तर बहुधा मध्ये पोकळी असलेली दुहेरी भिंत असते. तिचे दोन पदर धातूच्या पट्ट्यांनी जोडतात, त्यामुळे डोक्यांची गरज उरत नाही. ब्रिटिश घरांत ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर रुळली.

पण फसगत होते. जुन्या वस्तीशी मेळ साधायला अर्ध्या विटा लावून नव्या भिंतीवरही फ्लेमिश नक्षी काढतात. म्हणून फोटोवरून फक्त अंदाज बांधा. खात्रीसाठी खिडकीपाशी भिंतीची जाडी मोजायला हवी.