अपडेट मागतं, पण मिळत नाही

२०१७ साली घेतलेला, अँड्रॉइड ७ वर चालणारा एखादा फोन घ्या. कॉल लागतात, फोटो निघतात, गाणी वाजतात. बँकेचं ॲप उघडलं की मात्र ‘नवीन आवृत्ती घ्या’ अशी पाटी येते. तिच्यावर बोट ठेवलं की प्ले स्टोअर उघडतं आणि तिथे अपडेटचं बटणच नसतं. ॲप काढून पुन्हा टाकलं तरी जुनंच येतं आणि पुन्हा तीच पाटी दाखवतं. दुकानदार म्हणतो, फोन बिघडलाय. फोन बिघडलेला नसतो. दोन वेगवेगळ्या अटींच्या कात्रीत तो सापडलेला असतो.

पहिली अट ॲपच्या आतच लिहिलेली असते. हे ॲप चालायला अँड्रॉइडची किमान कोणती आवृत्ती हवी, ते बनवणारे ठरवतात. बँकेने ही मर्यादा अँड्रॉइड ८ वर नेली, की प्ले स्टोअर नवं ॲप आपल्या फोनला देत नाही. फार तर त्याला चालेल असं शेवटचं जुनं ॲप देतं.

मग ते जुनंच वापरत राहावं, तर दुसरी अट आडवी येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल पेमेंटच्या सुरक्षिततेसाठी निर्देश काढले. मोबाइल ॲपची नवी आवृत्ती आल्यावर जुन्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने, पण सहा महिन्यांच्या आत बंद करायच्या, असं त्यांत आहे. म्हणून बँकेचा सर्व्हर ॲपची आवृत्ती तपासतो आणि जुनी असेल तर लॉगिनच होऊ देत नाही. एखादं गाण्यांचं ॲप वर्षानुवर्षं जुनं चालतं, बँकेचं चालत नाही, त्यामागे हे मोठं कारण आहे.

पण बँकेने मर्यादा वर न्यावीच का? नवे फोन खपवायला, असा संशय येणं स्वाभाविक आहे. त्यासाठी एक प्रकरण पाहण्यासारखं आहे. २०२० मध्ये प्रोमॉन या नॉर्वेच्या कंपनीने अँड्रॉइडमधली एक त्रुटी उघड केली. तिला नाव दिलं ‘स्ट्रँडहॉग २.०’. फोनमध्ये आधीच शिरलेलं एखादं लबाड ॲप या त्रुटीचा फायदा घेऊन दबा धरून बसू शकत होतं. तुम्ही बँकेच्या खऱ्याखुऱ्या चिन्हावर बोट ठेवायचं, आणि समोर उघडायचा तो त्या लबाड ॲपचा हुबेहूब लॉगिन पडदा. पासवर्ड चोराकडे. बँकेचं ॲप कितीही नीट लिहिलेलं असो, ही फट त्याच्याखालच्या सिस्टिममधली होती. अँड्रॉइड १० ला तिचा धोका नव्हता. ८, ८.१ आणि ९ साठी गूगलने मे २०२० मध्ये दुरुस्ती दिली. अँड्रॉइड ७ ला गूगलकडून सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं त्याआधीच थांबलं होतं. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या फोनमध्ये ती फट तशीच राहिली.

गूगलने दुरुस्ती दिली म्हणजे ती तुमच्या फोनमध्ये आली असंही नाही. ती फोन बनवणाऱ्या कंपनीमार्फत येते आणि कंपनी ठरावीक वर्षांनंतर हात आखडते. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर अँड्रॉइडची आवृत्ती दिसते. तिथेच किंवा जवळपास सुरक्षा अपडेटची तारीखही असते. ती तारीख जास्त बोलकी असते. जुना फोन विकत घेताना पैसे देण्याआधी ती जरूर पाहावी. विक्रेते कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगतात, ही सांगत नाहीत.

काही हौशी मंडळी जुन्या फोनवर बाहेरची नवी सिस्टिम चढवतात. दुरुस्त्या ताज्या असतात, तरी बँकेचं ॲप बहुधा नकारच देतं. त्यासाठी फोनचं मूळ कुलूप काढावं लागतं, आणि ‘कंपनीने दिलेली सिस्टिम शाबूत आहे का’ या गूगलच्या तपासणीत तो नापास होतो. तक्रार रास्त आहे, पण आत काय बदललंय हे बँकेला दुरून कळायला मार्ग नाही.

अशा वेळी आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम अपडेट शिल्लक आहे का ते पाहावं. व्हॉट्सॲपवर आलेली किंवा कुठल्या साइटवरची बँकेच्या ॲपची फाइल मात्र मुळीच टाकू नये. खोटी ॲप्स अशीच शिरतात. खातं आणि पैसे बँकेतच असतात, त्यांना काही झालेलं नसतं. दुसऱ्या फोनवर जायचं तर बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्यात घालून यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागते, कारण ॲप त्याच सिमवरून एसएमएस पाठवून फोनची ओळख पटवतं. तोवर त्या नंबरवरून *99# डायल करून शिल्लक पाहता येते आणि छोट्या रकमा पाठवता येतात. त्याला इंटरनेट लागत नाही, ॲपही नाही. साध्या बटणांच्या फोनवरही ते चालतं.