दोन सेकंदांचा भूकंप

19 सप्टेंबर 1985 रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास मेक्सिको सिटी हादरली. भूकंपाचं केंद्र शहराच्या जवळपासही नव्हतं. ते साडेतीनशे किलोमीटरहून दूर, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यालगत होतं. तरी शहरात हजारो माणसं गेली आणि शेकडो इमारती कोसळल्या. पण सरसकट नाही. दोन-तीन मजल्यांची जुनी दगडी घरं बरीचशी उभी राहिली. 1956 साली बांधलेला 44 मजली तोरे लातिनोअमेरिकाना हा मनोराही शाबूत राहिला. मार बसला तो मुख्यतः सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना.

बांधकामातल्या त्रुटी होत्याच, पण एवढ्याने ही निवड समजत नाही. त्यासाठी अनुनाद, म्हणजे रेझोनन्स, समजून घ्यावा लागतो.

कुठलीही इमारत बाजूला ढकलून सोडली तर ती स्वतःच्या ठरलेल्या गतीने डोलते. एक हेलकावा पुरा व्हायला लागणारा वेळ हा तिचा दोलनकाल. एका सेकंदात किती हेलकावे होतात, ती तिची स्वाभाविक वारंवारता. इंजिनिअर ढोबळ हिशेबासाठी मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग धरतात. दहा मजल्यांना साधारण एक सेकंद. इमारत जितकी जड आणि लवचीक, तितका हा काल मोठा.

आता तिला बाहेरून कुणी तालात हलवत राहिलं तर? झोक्याला धक्का देणाऱ्याला हे हाताने ठाऊक असतं: झोका पुढे निघाला की पुढे ढकलायचं, तो आपल्याकडे येत असताना नाही. याचं कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. बल आणि वेग एकाच दिशेला असले की बल वस्तूला ऊर्जा देतं. दिशा विरुद्ध झाल्या की तेच बल ऊर्जा काढून घेतं. बाहेरच्या बलाचा ताल इमारतीच्या तालापेक्षा वेगळा असेल, तर थोडा वेळ दोन्ही जुळतात, मग मागेपुढे होतात आणि आधी दिलेलं पुढच्या काही हेलकाव्यांत परत घेतलं जातं. ताल नेमका जुळला की ही परतफेड थांबते. प्रत्येक क्षणी बल हालचालीच्याच दिशेला असतं, आणि प्रत्येक हेलकावा मागच्यात भर घालतो.

हे आकड्यांत पाहू. समजा, एखादं बल इमारतीला हळूच ढकलून एक सेंटिमीटर वाकवतं. तेवढंच बल तालात मागेपुढे फिरवलं आणि घर्षण मुळीच नसेल, तर डोलण्याचा पल्ला, म्हणजे आयाम, दर हेलकाव्याला सुमारे तीन सेंटिमीटरने वाढत जातो आणि थांबतच नाही. खऱ्या इमारतीत थोडी ऊर्जा भिंतींत, सांध्यांत आणि जमिनीत जिरते. याला डॅम्पिंग म्हणतात. काँक्रीटच्या इमारतीसाठी ते पाच टक्के धरण्याची पद्धत आहे. मग पहिल्या हेलकाव्यानंतर आयाम होतो 2.7 सेंटिमीटर, तिसऱ्यानंतर 6.1, पाचव्यानंतर 7.9, आणि पुढे तो दहावर जाऊन स्थिरावतो.

दहावरच का? कारण आत येणारी ऊर्जा आयामाच्या प्रमाणात वाढते, पण जिरणारी ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात. पल्ला दुप्पट झाला की आवक दुप्पट आणि खर्च चौपट, त्यामुळे कुठेतरी दोन्ही समान होतातच. या टप्प्यावर इमारतीचा ताठपणा आणि तिचं वजन एकमेकांची वजाबाकी करून बसलेले असतात. बाहेरच्या बलाला अडवणारं उरतं ते फक्त डॅम्पिंग. ते निम्मं केलं तर आयाम दुप्पट होतो. उलट वारंवारता जरा हलवून पाहा. बलाचा ताल दहा टक्के संथ केला, तर दहाचे पाचहून कमी होतात. ताल दुप्पट जलद केला, तर इमारत सेंटिमीटरचा तिसरा भागच हलते. ती वळेपर्यंत बल उलटं फिरलेलं असतं.

मेक्सिको सिटीत हा प्रकार एकावर एक दोनदा घडला. शहराचा मधला भाग तेस्कोको सरोवराच्या जुन्या तळावर वसलेला आहे. खाली पाण्याने भरलेली, अतिशय मऊ चिकणमाती. जिथली नोंद पुढे जगभर अभ्यासली गेली, त्या जागी हा थर सुमारे 38 मीटर जाड आहे, आणि कंपनं त्यातून सेकंदाला 75 मीटरच्या आसपास, म्हणजे खडकाच्या मानाने अगदी रेंगाळत जातात. तळापासून वर यायला अर्धा सेकंद. वरून परतलेली लाट खालच्या कठीण थरावर उलटी होते, म्हणून एक आवर्तन पुरं व्हायला असे चार प्रवास लागतात. चार गुणिले अर्धा, म्हणजे दोन सेकंद. हा त्या मातीचा स्वतःचा दोलनकाल.

दूरवरून आलेल्या लाटांतली जलद कंपनं वाटेतच विरली होती, संथ तेवढी पोचली. त्यांतली दोन सेकंदांची कंपनं मातीने उचलली. शहराच्या दक्षिणेला विद्यापीठाच्या कठीण लाव्हाच्या जमिनीवर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या तीन-चार टक्के नोंदलं गेलं. त्याच शहरात सरोवराच्या तळावर ते 17 टक्के भरलं. शिवाय धक्के वेडेवाकडे नव्हते. दोन-दोन सेकंदांचे, जवळजवळ एकसारखे हेलकावे कितीतरी वेळ चालले होते. मगाचा हिशेब आठवा: आयाम भरायला पाच-सात हेलकावे पुरतात. दोन सेकंदांचा दोलनकाल आणि पाच टक्के डॅम्पिंग असलेल्या इमारतीवर या नोंदीचा हिशेब मांडला, तर वरचं त्वरण गुरुत्वत्वरणाएवढं निघतं. ज्या बांधकामांच्या आराखड्यांत याचा लहानसा अंशच गृहीत धरला होता, त्यांचं काय होणार होतं ते उघड आहे.

इथे एक शंका यायला हवी. दहा मजल्यांचा दोलनकाल एक सेकंद, जमिनीचा दोन. मग ताल जुळला कसा? एक तर मऊ जमिनीवर पायाच थोडा हलतो, त्यामुळे काल मूळचाच लांबतो. पण खरी मेख पुढे आहे. हादऱ्यांत भिंती आणि खांब तडकले की इमारत ढिली पडते, आणि ढिली इमारत अधिक संथ डोलते. एक-दीड सेकंदांची इमारत तडकत तडकत दोन सेकंदांकडे सरकते, म्हणजे नुकसानच तिला अनुनादाकडे ढकलतं. 44 मजली मनोऱ्याचा दोलनकाल मुळातच याच्या पलीकडचा. तो ढिला झाला असता, तर धोक्यापासून आणखी दूर गेला असता.

(अनुनादाचं उदाहरण म्हणून पुस्तकांत हमखास 1940 साली कोसळलेला अमेरिकेतला टॅकोमा पूल येतो. तो उतारा आता वगळायला हवा. तिथला वारा तालात वाहत नव्हता. पुलाच्या पिळवटण्यानेच हवेचं बल बदलत होतं आणि ते पिळवटणं वाढवत होतं. तो वेगळा विषय आहे.)

जमिनीचा दोलनकाल मोजता येतो. त्यासाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. रहदारीने आणि समुद्राच्या लाटांनी जमीन सतत अतिसूक्ष्म थरथरत असते. संवेदनशील यंत्र ठेवून त्या थरथरीत कुठली वारंवारता ठळक आहे हे पाहिलं की उत्तर मिळतं. मेक्सिको सिटीचे असे नकाशे आहेत, आणि कुठल्या पट्ट्यात किती बल धरून बांधायचं हे तिथले नियम त्यावरून ठरवतात.

2017 साली, त्याच 19 सप्टेंबरला, शहराला पुन्हा मोठा धक्का बसला. या वेळी केंद्र सुमारे सव्वाशे किलोमीटरवर होतं, त्यामुळे एक सेकंदाच्या आसपासची कंपनं विरण्याआधीच शहरात पोचली. जास्त नुकसान झालं ते सरोवराच्या काठाकडच्या पट्ट्यात, जिथे मातीचा थर पातळ आणि दोलनकाल एक सेकंदाच्या आसपास आहे, आणि पडलेल्या इमारती 1985 च्या मानाने बुटक्या होत्या.