दाणा भरण्याचा काळ आणि रात्रीची उष्णता

मार्च २०२२ मध्ये भारताचे सरासरी कमाल तपमान १९०१ पासूनच्या कोणत्याही मार्च महिन्यापेक्षा अधिक होते. पंजाब-हरियाणातील गहू त्या वेळी ओंबीत भरत होता. मळणीनंतर पुष्कळ ठिकाणी दाणा हलका व चिमलेला निघाला. आरंभी ११ कोटी १३ लक्ष टनांचा असलेला देशाच्या उत्पादनाचा अंदाज अखेर १० कोटी ७७ लक्ष टनांवर आला. मध्यंतरी, १३ मे रोजी, गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली होती.

‘दाणा भरणे’ हा मराठीतील प्रयोग येथे अक्षरशः यथार्थ आहे. फुलोऱ्यानंतर पानांत तयार झालेली व खोडात साठलेली साखर दाण्यात उतरते आणि तेथे तिचे पिष्ट बनते. उष्णतेने या भरण्याचा वेग थोडा वाढतो. मुदत मात्र त्याहून अधिक आखडते. उदाहरणादाखल, रोज १ मिलिग्रॅम या वेगाने ४० दिवस भरणारा दाणा ४० मिलिग्रॅमचा होईल. वेग १·१५ झाला, परंतु मुदत ३० दिवसांवर आली, तर वजन ३४·५ मिलिग्रॅमच भरेल. त्यातच पिष्ट घडविणारे एक विकर उष्णतेने लवकर मंदावते; त्यामुळे साखर दाण्यापर्यंत पोहोचली तरी तिचे पिष्ट पुरेसे होत नाही. पाणी दिल्याने पीक काहीसे थंड राहते, पण ही हानी पूर्णपणे टळत नाही, याचे एक कारण हेच होय.

हानी केव्हा झाली, हे ओंबीवरून ओळखता येते. दाण्यांची संख्याच घटली असेल तर उष्णता फुलोऱ्याच्या सुमारास आली. संख्या पुरेशी असून हजार दाण्यांचे वजन उतरले असेल तर ती नंतर आली. म्हणूनच भाताची कापणी लांबून गव्हाची पेरणी उशिरा झाली, की धोका वाढतो.

गव्हाला मुख्यतः दिवसाचे ऊन बाधते, असा समज होतो. भाताच्या बाबतीत रात्रीकडे लक्ष वेधले गेले. फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७९ ते २००३ या काळात रात्रीचे किमान तपमान १·१३ अंशाने वाढले, कमाल तपमान मात्र केवळ ०·३५ अंशाने. तेथील १९९२ ते २००३ च्या उन्हाळी पिकांत किमान तपमानाच्या प्रत्येक अंशामागे उत्पन्नात सुमारे १० टक्के घट दिसली. रात्री प्रकाशसंश्लेषण नसते, श्वसन मात्र चालूच असते. उबदार रात्री ते वाढून दिवसाच्या कमाईतील अधिक वाटा खर्ची पडतो, हे त्याचे सरळ स्पष्टीकरण.

तथापि हा आकडा जपून वापरावा लागतो. ढगाळ दिवसांच्या रात्री अधिक उबदार असतात. तेव्हा त्या घटीतील काही भाग कमी सूर्यप्रकाशाचा असू शकेल, असा आक्षेप पुढे घेतला गेला. केवळ रात्रच तापविलेल्या प्रयोगांतही दाण्याचे वजन घटते. परंतु घटीचे प्रमाण जातीनुसार पुष्कळच बदलते. एक खूण मात्र भातगिरणीत सहज दिसते: पिष्टाचे कण विरळ बसल्याने तांदूळ खडूसारखा पांढुरका होतो आणि सडताना त्याची कणी अधिक पडते.